चेकआउटला जीएसटी कसा लावायचा आणि बिलावर कसा दाखवायचा: चादर-टॉवेल ऑनलाइन विकणाऱ्या सोलापूरकरांसाठी

चाटी गल्लीत दुकान असेल तर गिऱ्हाईक भाव करतं, आपण एक आकडा सांगतो, पैसे घेतो आणि मग बिल फाडतो. वेबसाइटवर क्रम उलटा होतो. गिऱ्हाईक पैसे भरायच्या आधीच यंत्राला कर किती, कोणता आणि कोणत्या रकमेवर हे ठरवावं लागतं, आणि एकदा पैसे आले की तो आकडा मागे घेता येत नाही. आमच्या घरचा टॉवेल-चादरीचा माल मी स्वतःच्या वेबसाइटवरून विकतो. नवीन लोक विचारायला येतात तेव्हा तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. उदाहरणं आपल्या मालाची आहेत आणि दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेले.

बसण्याआधी एवढं हाताशी ठेवा:

- जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र (त्यावरचा पत्ता आणि वेबसाइटवरचा पत्ता एकच हवा)
- प्रत्येक मालाचा एचएसएन कोड. टॉवेल ६३०२ मध्ये येतो. चादर कोणत्या उपशीर्षकात बसते ते विणीवर आणि वापरावर ठरतं, ते कर सल्लागाराकडून एकदा लिहून घ्या
- प्रत्येक नगाची विक्री किंमत, करासह
- पेमेंट गेटवेचं खातं आणि त्याचा मागच्या महिन्याचा सेटलमेंट रिपोर्ट
- बिल क्रमांकाची या आर्थिक वर्षाची मालिका

## १. कर घ्यायचा अधिकार आहे का ते आधी बघा

नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटीची ओळ टाकता येत नाही. "नंतर नोंदणी करू, आत्तापासून पाच टक्के घेऊन ठेवू" असं चालत नाही. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही, पण ही सवलत राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यासाठी आहे. स्वतःच्या वेबसाइटवरून एक टॉवेल जरी हैदराबादला गेला, तरी ती आंतरराज्य विक्री झाली आणि नोंदणी पहिल्या रुपयापासून लागते. आपल्याकडे हा मुद्दा जास्त टोचतो, कारण कर्नाटक आणि तेलंगणाचं गिऱ्हाईक आपल्याला पुण्या-मुंबईइतकंच जवळचं आहे.

कंपोझिशन योजनेत असाल तर चेकआउटवर कराची ओळच नको. तुम्ही गिऱ्हाइकाकडून कर वसूल करू शकत नाही, राज्याबाहेर विकू शकत नाही, आणि टॅक्स इनव्हॉइसऐवजी बिल ऑफ सप्लाय देता. वेबसाइट काढायची म्हणून कंपोझिशन सोडणारे मी पाहिलेत. ते बहुतेक वेळा योग्यच असतं, पण निर्णय वेबसाइट सुरू होण्याआधी घ्या.

## २. किंमत करासह लिहा, कर आतून काढा

पॅकिंगवर एमआरपी असते ती सर्व करांसह असते. त्यावर चेकआउटला पुन्हा पाच टक्के चढवले तर ती जादा वसुली होते. एमआरपी नसलेल्या मालाचंही, पानावर ₹१,२०० आणि पैसे भरताना ₹१,२६० असं दिसलं की गिऱ्हाईक तिथेच थांबतं. शेवटच्या पायरीवर रक्कम वाढवत नेण्याच्या या प्रकाराला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या मांडणीच्या यादीत घातलेलं आहे. तेव्हा पानावर दिसेल तीच किंमत द्यायची, आणि चेकआउटला फक्त "यात इतका कर आहे" हे फोडून दाखवायचं.

कर आतून काढताना बऱ्याच जणांचं गणित चुकतं. ₹८४० चे टॉवेल, कर ५ टक्के, म्हणून ८४० चे पाच टक्के ₹४२ काढतात. पण ८४० मध्ये कर आधीच मिसळलेला आहे. सूत्र असं:

```
मूळ रक्कम = करासह रक्कम × 100 / (100 + दर)
कर        = करासह रक्कम − मूळ रक्कम
```

८४० × १०० / १०५ म्हणजे ₹८००, आणि कर ₹४०. दोन रुपयांचा फरक किरकोळ वाटतो, पण तो प्रत्येक बिलात येतो आणि वर्षाअखेरीला हिशेब जुळत नाही तेव्हा त्याचा उगम सापडत नाही.

वूकॉमर्सवर दुकान असेल तर `Tax` च्या पानावर `Yes, I will enter prices inclusive of tax` निवडा. दुकानातली आणि कार्टमधली किंमत दोन्हीकडे `Including tax` ठेवा, आणि `Display tax totals` ला `Itemized` करा, म्हणजे सीजीएसटी आणि एसजीएसटी वेगळे दिसतील. एक सावधगिरी: माल चढवून झाल्यावर हा पर्याय बदलला तरी आधी भरलेल्या किमती आपोआप बदलत नाहीत. दोनशे वस्तू टाकण्याआधी हे ठरवा.

## ३. ₹२,५०० ची रेघ

आपल्या धंद्यातली खरी गोम इथे आहे, म्हणून इथे जरा सावकाश जातो.

टॉवेल, चादर, बेडशीट अशा तयार कापडी वस्तूंना नगामागे विक्री मूल्य ₹२,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, त्यापुढे गेलं तर १८ टक्के. आधी ही रेघ ₹१,००० ला होती आणि वरचा दर १२ टक्के होता. वेबसाइट जुनी असेल तर सेटिंगमध्ये कुठेतरी तो १२ अजून बसलेला असू शकतो, तो शोधून काढा.

यातले दोन शब्द महत्त्वाचे. पहिला "नगामागे". गिऱ्हाइकाने ₹१,२६० च्या तीन चादरी घेतल्या, बिल ₹३,७८० झालं, तरी दर ५ टक्केच. रेघ बिलाच्या बेरजेला लावायची नसते. दुसरा "विक्री मूल्य". हे कर वगळून धरायचं असतं, आणि बिलावर दाखवलेली सूट वजा केल्यानंतरचं.

आता करासह किंमत लिहिणाऱ्याला इथे एक विचित्र खड्डा लागतो. समजा जाड जकार्डचं मोठं बेडकव्हर तुम्ही करासह ₹२,७९९ ला लावलं. ५ टक्के धरून कर आतून काढला तर मूळ रक्कम ₹२,६६५.७१ येते. ती अडीच हजारांच्या वर आहे, म्हणजे दर १८ हवा. बरं, १८ धरून काढली तर मूळ रक्कम ₹२,३७२.०३ येते. ती अडीच हजारांच्या आत, म्हणजे दर ५ हवा. कोणताही दर धरा, उत्तर स्वतःलाच खोटं पाडतं.

ही अडचण ₹२,७९९ पुरती नाही. मूळ ₹२,५०० वर ५ टक्के म्हणजे ₹२,६२५. मूळ ₹२,५०० वर १८ टक्के म्हणजे ₹२,९५०. या दोन आकड्यांच्या मधली कोणतीही करासह किंमत घेतली तरी गणित बसत नाही. त्यामुळे माझा नियम सरळ आहे: करासह किंमत ₹२,६२५ किंवा त्याखाली, नाहीतर ₹२,९५० च्या वर. मधला पट्टा रिकामा सोडायचा.

पट्टा ओलांडून वर जायचं का, याचाही विचार करा. ₹२,६२५ ला विकलं तर तुमच्या हातात मूळ ₹२,५०० पडतात. ₹२,९५१ ला विकलं तर ₹२,५००.८५. गिऱ्हाईक ₹३२६ जास्त मोजतं आणि तुम्हाला ८५ पैसे जास्त मिळतात. त्यामुळे वर जायचं तर नीट वर जा. ₹३,००० च्या आसपास रेंगाळण्यात काही अर्थ नाही.

मग येतं कूपन. एक बेडकव्हर मूळ ₹२,६०० चं, १८ टक्के धरून करासह ₹३,०६८. दिवाळीला तुम्ही सगळ्या दुकानावर १० टक्क्यांचं कूपन काढलं. सूट वजा जाता मूळ मूल्य ₹२,३४० झालं, म्हणजे नग रेघेखाली आला आणि दर ५ टक्के झाला. खरं बिल ₹२,३४० अधिक ₹११७ म्हणजे ₹२,४५७ व्हायला हवं. पण सॉफ्टवेअरला तुम्ही त्या वस्तूचा कर-वर्ग १८ टक्के असा सांगून ठेवलेला असतो. ते ३,०६८ मधून १० टक्के कापतं, ₹२,७६१.२० घेतं आणि त्यात ₹४२१.२० कर दाखवतं. गिऱ्हाइकाकडून ₹३०४.२० जास्त गेले. ते तुम्ही ठेवूही शकत नाही, कर म्हणून गोळा केलेली रक्कम सरकारजमा करावीच लागते.

साधं वूकॉमर्स कूपन लागल्यावर कर-वर्ग बदलत नाही. त्यावर उपाय साधा आहे. मूळ किंमत ₹२,५०० च्या वर असलेल्या वस्तू कूपनच्या `Usage restriction` मध्ये `Exclude products` ला टाकून ठेवा. त्यांना सूट द्यायचीच असेल तर वस्तूवर स्वतंत्र `Sale price` लावा आणि त्याच वेळी हाताने कर-वर्ग बदला. सेल संपला की दोन्ही परत फिरवा. किंमत परत फिरवायची आठवण सगळ्यांना राहते, कर-वर्गाची राहत नाही. दुकानातल्या कॅलेंडरवर तारखेपाशी दोन्ही लिहा.

चार टॉवेलचा संच एका डब्यात विकता तेव्हा "नग" म्हणजे डबा की टॉवेल, हा प्रश्न संचाची किंमत रेघेजवळ असेल तरच उभा राहतो. तसा असेल तर सल्लागाराकडून लेखी उत्तर घ्या, फोनवर नको.

## ४. माल कुठे उतरणार ते विचारा

कराची टक्केवारी ठरली, आता तो कोणत्या नावाने घ्यायचा ते. माल महाराष्ट्रातच उतरला तर ५ टक्के दोन भागांत: २.५ टक्के सीजीएसटी आणि २.५ टक्के एसजीएसटी. राज्याबाहेर उतरला तर पूर्ण ५ टक्के आयजीएसटी. गिऱ्हाइकाला रक्कम तेवढीच पडते, म्हणून इथली चूक त्याच्या लक्षात येत नाही. ती तुमच्या रिटर्नमध्ये उगवते. चुकीच्या खात्यात भरलेला कर आपोआप वळत नाही. बरोबर तो पुन्हा भरायचा आणि चुकीचा परत मागायचा.

अंतराशी याचा संबंध नाही. मुंबई चारशे किलोमीटर लांब, तरी सीजीएसटी-एसजीएसटी. कलबुर्गी आपल्यापासून त्याच्या चौथ्या हिश्श्यावर, तरी आयजीएसटी. अक्कलकोटचं गिऱ्हाईक आपल्यातलं, पुढे सीमा ओलांडून आळंदला गेलं की कर्नाटकातलं. आळंद म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातलं आळंद. पुण्याजवळची आळंदी समजून कोणी राज्य बदलू नये.

पिनकोडवरून राज्य ओळखणारी सोय लावताना "४० ते ४४ म्हणजे महाराष्ट्र" असा नियम लिहिलेला सापडतो. त्यात ४०३ ने सुरू होणारे पिन गोव्याचे आहेत. पणजीचं पार्सल महाराष्ट्रातलं धरलं गेलं तर चूक रिटर्नपर्यंत कोणाला दिसत नाही. सरळ उपाय म्हणजे पत्त्यात राज्य निवडणं सक्तीचं ठेवा.

बिलिंगचा पत्ता एक आणि डिलिव्हरीचा दुसरा असेल तर? इथे गिऱ्हाईक नोंदणीकृत आहे की नाही यावर उत्तर बदलतं. बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या मुलाने सोलापुरातल्या आईला चादर पाठवली, त्याच्याकडे जीएसटी क्रमांक नाही, तर डिलिव्हरीचा पत्ता धरायचा. म्हणजे सीजीएसटी-एसजीएसटी. जून २०२४ च्या परिपत्रकाने हे स्पष्ट केलं आहे, आणि बिलावरही डिलिव्हरीचाच पत्ता लिहायचा. पण पुण्यातल्या एखाद्या नोंदणीकृत कंपनीने स्वतःच्या नावाने बिल घेऊन माल बेंगळुरूच्या ग्राहकाकडे थेट पाठवायला सांगितला, तर पुरवठ्याचं ठिकाण त्या कंपनीचं पुणे धरलं जातं. घरगुती विक्रीत पहिला प्रकार नव्वद टक्के वेळा येतो, तेव्हा वूकॉमर्समध्ये `Calculate tax based on` ला `Customer shipping address` ठेवा आणि दुसऱ्या प्रकारची ऑर्डर हाताने तपासा.

५ टक्क्यांच्या कर-वर्गात तीन ओळी भरायच्या:

```
Country  State  Rate   Tax name  Priority  Shipping
IN       MH     2.5    CGST      1         yes
IN       MH     2.5    SGST      2         yes
IN       *      5      IGST      1         yes
```

`Priority` च्या रकान्यात लोक अडकतात. एका प्राधान्य क्रमांकाची एकच ओळ लागू होते. सीजीएसटी आणि एसजीएसटी दोन्हींना १ दिलात तर त्यातली एकच लागेल आणि महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाला फक्त अडीच टक्के कर दिसेल. उलट आयजीएसटीला ३ दिलात तर मुंबईच्या माणसाला तिन्ही मिळून दहा टक्के लागतील. `Compound` च्या रकान्यात खूण करू नका. १८ टक्क्यांचा वर्ग वेगळा काढून तिथे ९, ९ आणि १८ अशा ओळी भरा.

## ५. एक ऑर्डर पूर्ण सोडवून बघू

अक्कलकोटहून ऑर्डर आली. चार टॉवेल, प्रत्येकी ₹२१०, आणि एक चादर ₹१,२६०. डिलिव्हरी चार्ज ₹१०५. गिऱ्हाइकाकडे मालावर १० टक्क्यांचं कूपन आहे. सगळ्या किमती करासह.

डिलिव्हरी चार्जवरही कर लागतो, आणि तो मालाच्याच दराने. चादर पोचवणं हा चादर विकण्याचाच भाग धरला जातो, म्हणून इथे तो ५ टक्के. "कुरिअर म्हणजे सेवा, म्हणून १८" हे तुमच्या आणि कुरिअरवाल्याच्या मधलं झालं. गिऱ्हाइकाच्या बिलात ते येत नाही. त्याच पार्सलमध्ये एक वस्तू ५ ची आणि एक १८ ची असेल तर चार्ज दोघांच्या किमतीच्या प्रमाणात वाटतात.

सूट प्रत्येक ओळीवर वाटायची, शेवटी एकदम कापायची नाही. कराच्या रकमेखाली "सूट −२१०" अशी ओळ टाकली तर कर सूट न दिलेल्या रकमेवर निघतो.

| तपशील | करासह | सूट | देय | मूळ रक्कम | कर |
|---|---|---|---|---|---|
| टॉवेल, ४ नग | ८४०.०० | ८४.०० | ७५६.०० | ७२०.०० | ३६.०० |
| चादर, १ नग | १,२६०.०० | १२६.०० | १,१३४.०० | १,०८०.०० | ५४.०० |
| डिलिव्हरी | १०५.०० | – | १०५.०० | १००.०० | ५.०० |
| एकूण | २,२०५.०० | २१०.०० | १,९९५.०० | १,९००.०० | ९५.०० |

बिलावर सीजीएसटी ₹४७.५० आणि एसजीएसटी ₹४७.५० दिसेल. हीच ऑर्डर कलबुर्गीहून आली असती तर एकच ओळ, आयजीएसटी ₹९५. दोन्हीकडे गिऱ्हाईक ₹१,९९५ च देतं.

इथले आकडे मुद्दाम सरळ निघतील असे घेतलेत. प्रत्यक्षात पैशांत अपूर्णांक येतात आणि ओळींची बेरीज एकूण करापेक्षा एका पैशाने इकडे-तिकडे होते. कर ओळीगणिक पूर्णांकात आणायचा की बेरजेला, यातली एक पद्धत ठरवा आणि वेबसाइट, बिल आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर तिन्हीकडे तीच ठेवा. शेवटच्या रकमेला रुपयात आणायचं असेल तर "राउंड ऑफ" ची वेगळी ओळ टाका, कराच्या आकड्यात ती लपवू नका. आणि गेटवेकडे जाणारी रक्कम राउंड ऑफ नंतरची आहे ना, ते बघा. बरेच गेटवे रक्कम पैशांत मागतात, म्हणजे ₹१,९९५ साठी `199500`.

## ६. पैसे आले म्हणजे बिल झालं असं नाही

पेमेंट यशस्वी झाल्यावर गिऱ्हाइकाला जी पावती जाते ती पैसे मिळाल्याची पावती. टॅक्स इनव्हॉइस वेगळं, आणि ते माल निघण्याआधी किंवा निघताना बनवायचं. सोमवारी पैसे आले आणि टॉवेल गुरुवारी मागावरून उतरून निघाले, तर बिल गुरुवारचं. नियमित करदात्याला मालाच्या आगाऊ रकमेवर नोव्हेंबर २०१७ पासून जीएसटी भरावा लागत नाही, तेव्हा सोमवारी बिल फाडायची घाई नको.

याचा खरा फायदा बिल क्रमांकात आहे. ऑर्डर टाकल्याक्षणी बिल बनेल अशी सोय केली तर फसलेली पेमेंटं, मध्येच सोडलेल्या ऑर्डरी, एकाच गिऱ्हाइकाने दोनदा दाबलेलं बटण, सगळ्यांना क्रमांक मिळतो. बिलाचे क्रमांक सलग असावे लागतात आणि जीएसटीआर-१ मध्ये किती बिलं काढली आणि किती रद्द केली ते सांगावं लागतं. ऑर्डर क्रमांक वेगळा, बिल क्रमांक वेगळा, आणि बिल "पाठवायला तयार" या टप्प्याला बनवा. क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, त्यात अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच चालतं. `SLP/25-26/00147` हा पंधरा अक्षरांचा आहे, बसतो. त्यात गावाचं नाव पूर्ण घालायला गेलात की मर्यादा ओलांडते.

बिलाच्या तळाशी पेमेंटची एक वेगळी चौकट ठेवा: कशाने दिले, कधी दिले, किती दिले, व्यवहार क्रमांक आणि बाकी. व्यवहार क्रमांकात गंमत आहे. यूपीआयने पैसे देणाऱ्याला त्याच्या अ‍ॅपमध्ये बारा अंकी क्रमांक दिसतो. तुम्हाला मात्र गेटवेचा स्वतःचा आयडी दिसतो, काहींचा `pay_` ने सुरू होतो. गिऱ्हाईक फोनवर बारा अंक वाचून दाखवतं आणि तुम्ही तुमच्या यादीत तो शोधत बसता. बिलावर दोन्ही छापा, निम्मे वाद तिथेच मिटतात.

चौकटीत रक्कम गिऱ्हाइकाने दिलेली लिहायची, तुमच्या बँकेत आलेली नाही. समजा आपल्या ₹१,९९५ वर गेटवेने २ टक्के शुल्क कापलं. ते ₹३९.९०, त्यावर १८ टक्के जीएसटी ₹७.१८, आणि खात्यात ₹१,९४७.९२ जमा झाले. विक्री तरी ₹१,९९५ चीच. ₹४७.०८ हा तुमचा खर्च, आणि त्यातल्या ₹७.१८ चं क्रेडिट गेटवेच्या मासिक बिलावर तुम्हाला मिळू शकतं, पण त्यासाठी गेटवेच्या खात्यात तुमचा जीएसटी क्रमांक भरलेला हवा. बँकेच्या जमा रकमेवरून विक्री नोंदवली तर मूळ रक्कम आणि कर दोन्ही कमी दिसतात.

कॅश ऑन डिलिव्हरीत बिल पार्सलसोबत जातं आणि चौकटीत "बाकी ₹१,९९५" असं राहतं. पैसे आल्यावर नवीन बिल काढायचं नसतं, तीच चौकट भरायची.

## ७. बिलावर नजर फिरवा

बिल पाठवण्याआधी त्यावर एवढं दिसतं का बघा: "टॅक्स इनव्हॉइस" हे शीर्षक, तुमचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक आणि तारीख, गिऱ्हाइकाचं नाव आणि राज्यासह पत्ता, मालाचं वर्णन, एचएसएन, नग, सूट, मूळ रक्कम, दर, आणि प्रत्येक कराची रक्कम वेगळी. राज्याबाहेर जात असेल तर पुरवठ्याचं ठिकाण राज्याच्या नावासह. गिऱ्हाईक व्यापारी असेल तर त्याचा जीएसटी क्रमांक, आणि त्याचे पहिले दोन अंक पत्त्यातल्या राज्याशी जुळतात का तेही: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०, तेलंगणा ३६. कायद्यानुसार काढलेल्या इलेक्ट्रॉनिक बिलाला सहीची गरज नाही, त्यामुळे सही-शिक्क्याचा फोटो चिकटवत बसू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या पीडीएफला लोक ई-इनव्हॉइस म्हणतात. जीएसटीतलं ई-इनव्हॉइस म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवून क्रमांक आणि क्यूआर घेतलेलं बिल. ते ५ कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना, तेही नोंदणीकृत व्यापाऱ्याला विकताना लागतं. घरगुती गिऱ्हाइकाला पीडीएफ पुरे.

## ८. दुकान उघडण्याआधी या ऑर्डरी स्वतः टाका

गेटवे चाचणीच्या अवस्थेत ठेवून या ऑर्डरी टाका आणि प्रत्येकीचं बिल कॅल्क्युलेटर घेऊन तपासा:

- अक्कलकोटचा पत्ता: कराच्या दोन ओळी, दोन्ही सारख्या
- कलबुर्गीचा पत्ता: आयजीएसटीची एकच ओळ
- पणजी, पिन ४०३००१: आयजीएसटी आला नाही तर राज्य ओळखण्यात घोळ आहे
- बिलिंग बेंगळुरू, डिलिव्हरी सोलापूर: पुन्हा दोन ओळी
- ₹१,२६० च्या तीन चादरी: दर ५ च राहिला पाहिजे
- ₹३,०६८ चं बेडकव्हर आणि १० टक्क्यांचं कूपन: कूपन नाकारलं गेलं पाहिजे
- पेमेंट अर्धवट सोडलेली ऑर्डर: बिल क्रमांक खर्च होता कामा नये

## ९. माल परत आला तर

आधीचं बिल खोडायचं नाही किंवा रक्कम बदलून पुन्हा पाठवायचं नाही. त्या बिलाचा क्रमांक लिहून क्रेडिट नोट काढायची, मूळ बिलाचाच दर आणि त्याच नावाचे कर लावून. मधल्या काळात दर बदलला असला तरी बिलाच्या दिवशीचा धरायचा.

अक्कलकोटच्या गिऱ्हाइकाने चारपैकी एक टॉवेल परत केला असं धरा. पानावर त्याची किंमत ₹२१० आहे, पण कूपन धरून त्याने ₹१८९ दिले होते. क्रेडिट नोट मूळ ₹१८०, सीजीएसटी ₹४.५०, एसजीएसटी ₹४.५० अशी निघेल आणि परतावा ₹१८९ चा जाईल. परतावा ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने गेटवेमधून द्या. स्वतःच्या फोनवरून वेगळा यूपीआय केलात तर गेटवेच्या रिपोर्टमध्ये ती विक्री पूर्णच दिसत राहते. डिलिव्हरीचे ₹१०५ परत करायचे की नाही हे तुमच्या परतीच्या अटींवर आहे, करत असाल तर त्यातले ₹५ कराचेही त्याच नोटेत दाखवा. ही नोट विक्रीचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं असेल तर तोवर, रिटर्नमध्ये दाखवता येते. त्यानंतर परत आलेल्या टॉवेलचा कर तुमच्या खिशातून गेला असं समजा.